ऑगस्टमधला कोणता दिवस?

गेल्या दिवाळीआधी, १२ ऑक्टोबरला, दुकानात चिवड्याची दोन पाकिटं हातात घेतली. कंपनी एकच, वजन एकच. दोन्हींच्या मागच्या जोडावर ठिपक्याठिपक्यांच्या शाईत तोच मजकूर होता: ‘पीकेडी ०८/२५, यूज बाय ०२/२६’. म्हणजे ऑगस्टमध्ये भरलेला माल, फेब्रुवारीपर्यंत चालेल. फरक होता तो फक्त बॅच नंबरात. एकावर ‘५२१५ ए’, दुसऱ्यावर ‘५२४३ बी’.

तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकणाऱ्या पदार्थावर नुसता महिना आणि वर्ष छापलं तरी आपल्या अन्न सुरक्षा नियमांना चालतं. त्याहून कमी टिकणाऱ्या मालावर मात्र दिवसही लागतो. त्यामुळे ‘०८/२५’ म्हणजे १ ऑगस्ट की ३१ ऑगस्ट, हे गिऱ्हाइकाला कळत नाही. ते बहुधा त्या बॅच नंबरात दडलेलं असतं.

बरेच कारखाने तारखेऐवजी वर्षातला कितवा दिवस, तो आकडा लिहितात: १ जानेवारी म्हणजे ००१ आणि ३१ डिसेंबर म्हणजे ३६५. आधीचा एक आकडा वर्षाचा, शेवटचं अक्षर पाळीचं किंवा मशिनचं. लीप वर्ष नसेल तर ३१ जुलै हा २१२ वा दिवस. म्हणून २१५ म्हणजे ३ ऑगस्ट आणि २४३ म्हणजे ३१ ऑगस्ट. माझ्या हातातलं एक पाकीट ७० दिवसांचं होतं, दुसरं ४२ दिवसांचं. मी अर्थातच दुसरं घेतलं.

पण हा माझा अंदाजच. बॅच नंबर कसा रचायचा, हे प्रत्येक कंपनी स्वतः ठरवते. कुणी महिन्यासाठी अक्षर वापरतं, कुणाचा नुसता अनुक्रमांक असतो. तेव्हा ताळा करून पाहावा. ऑगस्टच्या पाकिटावर तो आकडा २१३ ते २४३ मध्येच पडायला हवा. एखादं पाकीट योगायोगानेही जुळू शकतं. म्हणून त्याच कंपनीची वेगवेगळ्या महिन्यांची तीन-चार पाकिटं पाहावीत. सगळी जुळली तर किल्ली सापडली म्हणायचं. एक जरी चुकलं, किंवा आकडा ३६६ च्या वर गेला, तर नाद सोडावा. मुळात हा नंबर आपल्यासाठी नसतोच. माल बिघडलेला निघाला तर नेमका कोणता घाणा परत मागवायचा, ते कंपनीला कळावं म्हणून तो असतो. तक्रार करायची असेल तर रिकामं पाकीट म्हणूनच जपून ठेवायचं.

आता शब्दांकडे. ‘एमएफजी’ म्हणजे माल बनला तो दिवस, ‘पीकेडी’ म्हणजे पाकिटात भरला तो दिवस. ताज्या तळलेल्या चिवड्यात दोन्हींत फारसं अंतर नसावं. डाळी, शेंगदाणे गोणीतून काढून छोट्या पिशव्यांत भरतात तेव्हा मात्र ‘पीकेडी’ फक्त पिशवीचं वय सांगतं. आतले दाणे किती जुने, ते त्यावरून कळत नाही. ‘बेस्ट बिफोर’ ही चवीची, खुसखुशीतपणाची हमी आहे. ती तारीख उलटली म्हणजे पदार्थ विषारी झाला असं नाही. ‘यूज बाय’ किंवा ‘एक्सपायरी’ उलटली की मात्र खायचं नाही आणि दुकानदाराने विकायचंही नाही. २०२० च्या लेबलच्या नियमांनी ही दुसरी तारीख सक्तीची केली, ‘बेस्ट बिफोर’ ऐच्छिक राहिलं.

चिवड्याचं खरं दुखणं तेलाचं. तळणीचं तेल आणि शेंगदाण्यातलं तेल हवेतल्या ऑक्सिजनने खवट होतं, आणि ऊन, उजेड त्याला घाई करतात. म्हणून पाकिटात नायट्रोजन भरतात. चिवड्याचं पाकीट उशीसारखं फुगलेलं असणं चांगलंच. (पनीरचं पाकीट फुगलं असेल तर मात्र घेऊ नये, तिथे तो वायू जंतूंनी केलेला असू शकतो.) चिवड्याचं पाकीट लुळं पडलं असेल तर जोड कुठेतरी सुटलाय असं धरावं, मग तारीख काही का असेना. कोरड्या, थंड जागी ठेवलेल्या बंद पाकिटाचा हिशोब करून ती तारीख ठरलेली असते. दुकानाच्या दारात उन्हात टांगलेल्या पारदर्शक माळेला तो लागू होत नाही. तिथला ४२ दिवसांचा चिवडा फडताळातल्या ७० दिवसांच्या चिवड्याआधी खवट होऊ शकतो. फोडल्यावर जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास आला, दाणा चावल्यावर घशाशी कडवट लागलं, तर तोच निकाल. दाण्यावर बुरशी दिसली तर चाखूनही पाहायचं नाही.

पाकीट फोडलं की नायट्रोजन गेला, आणि छापलेल्या तारखेचा आधारही गेला. आमच्याकडे चिवडा डब्यात ओतल्यावर जोडाची ती पट्टी कापून डब्याच्या झाकणाला चिकटवतात आणि शेजारी पेनाने फोडल्याची तारीख लिहितात. गेल्या दिवाळीच्या त्या पट्टीवर लिहिलं होतं: ५२४३ बी, फोडलं १८ ऑक्टोबर.