पाळी सांभाळून इंग्रजी

ऑनलाइन स्पोकन इंग्लिश शिकवणाऱ्याला पहिले विद्यार्थी बहुधा ओळखीतूनच मिळतात. पण ‘इंग्रजी शिकवतो’ एवढ्या स्टेटसवर फारसं कुणी विचारत नाही. ‘कारखान्यातल्या सुपरवायझरना ग्राहकाच्या कॉलवर बोलायला शिकवतो’ असं लिहिलं, की वाचणाऱ्याला त्यात स्वतःची अडचण दिसते. एकाचं काम झालं, की तोच दुसऱ्याला पाठवतो.

समजा, चाकणचा असा एक सुपरवायझर आला. पहिल्या भेटीत त्याची व्याकरणाची परीक्षा घेऊ नये. ‘माल उशिरा का निघाला, ते मला ग्राहक समजून सांगा,’ एवढंच म्हणावं. तो म्हणतो, ‘द मटेरियल डिड नॉट केम, सो वी डिड नॉट सेंट.’ नियम त्याला शाळेपासून ठाऊक आहे. बोलायच्या घाईत तो आठवत नाही. त्यामुळे त्याला पुन्हा नियम नको, सराव हवा.

झूमच्या मोफत खात्यावर मीटिंग 40 मिनिटांनी बंद होते, म्हणून तासही तेवढाच बेतावा. सुरुवातीला 5 मिनिटं गप्पा. पुढची 10 मिनिटं उशिराचं कारण आणि नवी तारीख सांगणारी तीन-चार वाक्यं घोटायची. मग 15 मिनिटं शिक्षकाने ग्राहक होऊन प्रश्न विचारायचे. या वेळी मध्ये टोकायचं नाही, चुका कागदावर टिपायच्या. एकदा टोकलं, की मोठा माणूस प्रत्येक शब्द तोलू लागतो आणि गप्प होतो. शेवटच्या 10 मिनिटांत दोनच चुका घ्यायच्या. त्याचं वाक्य त्यालाच वाचून दाखवलं, तर ‘डिड नॉट कम’ ही दुरुस्ती बहुधा तोच करतो. लगेच तोच कॉल पुन्हा करून घ्यायचा.

आता रद्द होणारे तास. ज्याची पाळी दर आठवड्याला बदलते, त्याला ‘सोमवार-गुरुवार रात्री आठ’ ही वेळ झेपणार नाही. दर रविवारी त्याचं पाळीपत्रक पाहून आठवड्याच्या दोन वेळा ठरवाव्यात. 8 तासांची फी आगाऊ घ्यावी आणि ते सहा आठवड्यांत संपवायचे, असं ठरवावं. 12 तास आधी कळवलं तर तास पुढे ढकलावा. त्यानंतर कळवलं तर तो झाला असं धरावं, मात्र एक वेळ माफ करावी. शिक्षकाने ऐनवेळी रद्द केला, तर एक तास जादा द्यावा. हे सगळं पैसे घेण्याआधी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवलं, की पुढे वाद होत नाहीत.

एवढं करूनही कुणी सलग दोनदा तासाच्या तोंडावर ‘आज जमत नाही’ कळवलं, तर आधी गृहपाठ आठवावा. तो झाला नाही, की मोठ्या माणसाला समोर यायला संकोच वाटतो. अशा विद्यार्थ्याला लेखी गृहपाठ देऊच नये. एक मिनिटाचा व्हॉइस मेसेज मागावा, आणि तोही राहिला तर तासाच्या पहिल्या पाच मिनिटांत करून घेऊ, हे त्याला आधीच सांगून ठेवावं.