नातवंडांची पोहण्याची बॅच : हमीपत्रकाच्या पलीकडे

वार्षिक परीक्षा संपत आल्या की जलतरण तलावांच्या फाटकांवर उन्हाळी बॅचचे फलक झळकू लागतात. त्यांवर वेळा असतात, शुल्काचे दोन-तीन स्तर असतात आणि खाली ठळक अक्षरांत ‘संपूर्ण सुरक्षिततेची हमी’ असते. आई-वडील नोकरीवर असल्याने नातवंडांना तलावावर नेण्याचे काम बहुधा आजी-आजोबांकडेच येते. आपल्यापैकी अनेक जण पाठीला डबा किंवा सुका भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकले. तेव्हा प्रत्येक पोरावर कोणा काका-मामाची नजर असे. आज तलावावर ती नजर कोणाची आहे, एवढेच आपण तपासायचे आहे.

शुल्क नव्हे, मिनिटे मोजा

समजा, बॅच 21 दिवसांची आणि रोज 45 मिनिटांची आहे. सर्वसाधारण गटात एका प्रशिक्षकाकडे 15 मुले असून शुल्क 2,500 रुपये आहे; लहान गटात 5 मुले असून शुल्क 5,000 रुपये आहे. हजेरी, शॉवर आणि व्यायाम यांत दहा मिनिटे जातात, म्हणजे पाण्यात उरतात 35. मोठ्या गटात प्रत्येक मुलाच्या वाट्याला प्रशिक्षकाची जेमतेम सव्वादोन मिनिटे येतात, तर लहान गटात सात. दुप्पट शुल्कात तिप्पट लक्ष मिळते.

तरीही महाग स्तर सर्वांनाच हवा असे नाही. ज्या मुलाला पाण्याची भीती नाही आणि जे तोंड पाण्यात घालून श्वास सोडू शकते, त्याला मोठा गट पुरतो. प्रथमच पाण्यात उतरणाऱ्या किंवा बिचकणाऱ्या मुलाला मात्र लहान गटच द्यावा. स्वतंत्र शिकवणीत सगळा वेळ मिळतो खरा, पण पाच-सहा वर्षांचे मूल अर्ध्या तासात दमते, हे पैसे भरण्यापूर्वी ध्यानात घ्यावे.

पाण्याबाहेर कोण उभे आहे?

प्रशिक्षक आणि जीवरक्षक ही दोन वेगळी कामे आहेत. प्रशिक्षक एका मुलाला आधार देत असताना त्याची पाठ इतरांकडे वळतेच. म्हणून व्यवस्थापकांना स्पष्ट विचारावे : “बॅच चालू असताना काठावर उभे राहून केवळ पाण्याकडे पाहणारी व्यक्ती कोण?” नाव सांगता आले नाही, तर हमीला अर्थ नाही.

याचे कारण असे की, बुडणारे मूल बहुधा ओरडत नाही. त्याचे तोंड क्षणभर पाण्यावर येते व पुन्हा खाली जाते. श्वासच पुरत नाही, तेथे हाक कोठून मारणार? हात वर हलण्याऐवजी बाजूंना पाणी दाबत राहतात, शरीर उभे राहते, डोके मागे कलते. दुरून पाहणाऱ्यास ते मूल खेळते आहे असे वाटते. हे सारे मिनिटभरात आटोपू शकते. आपण बाकावर बसला असाल, तर मोबाइल पिशवीत ठेवा आणि एक बॅच बाहेर येत असताना दुसरी आत शिरते, त्या गडबडीत विशेष लक्ष द्या. दंडांवरचे हवेचे फुगे हे संरक्षण नव्हे, ते निसटतात.

प्रवेशापूर्वी काठावर उभे राहून तलावाच्या सर्वांत खोल भागाकडे पाहा. तळाची जाळी स्वच्छ दिसली पाहिजे. ती दिसत नसेल, तर तळाशी गेलेले मूलही दिसणार नाही. त्या दिवशी परत फिरावे.

कोणती वेळ निवडावी?

उघड्या तलावावर सकाळी सात ते नऊ ही वेळ उत्तम. ऊन सौम्य असते. ओठ निळसर दिसले किंवा मूल कुडकुडू लागले, तर वेळ संपण्याची वाट न पाहता त्याला बाहेर घ्यावे. दुपारी बारा ते तीन टाळावे. संध्याकाळी गर्दी असते आणि दिवसभराच्या वापराने पाणी गढुळते, म्हणून जाळीची परीक्षा तेव्हा पुन्हा करावी. कानाच्या पडद्याला छिद्र किंवा फिट येण्याचा त्रास असल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा व प्रशिक्षकास सांगावे.

दुर्घटना घडलीच, तर मुलाला उलटे धरू नये, पोट दाबू नये. पाणी काढण्यात वेळ जातो आणि मेंदूला प्राणवायू मिळत नाही. श्वास थांबला असल्यास तोंडाने श्वास देणे आणि छाती दाबणे लगेच सुरू व्हावे आणि 108 वर फोन जावा. हे करू शकणारे कोण आहे, हेही प्रवेशावेळीच विचारून ठेवावे.

अखेरची एक गोष्ट. एकवीस दिवसांनी नातू तलाव आडवा पार करील आणि मे महिन्यात गावी जाईल. तेथील शेततळ्याच्या प्लॅस्टिकच्या अस्तरावर पाय ठरत नाही. उत्तम पोहणाऱ्यालाही काठ चढता येत नाही. तलावातले प्रमाणपत्र त्या पाण्यात चालत नाही, हे त्याला आपणच सांगायला हवे.