काचेवरून वाट काढणारं बोट

जुन्या बटनांच्या फोनवर ‘५’च्या बटनावर एक बारीक उंचवटा असायचा. तो बोटाला लागला की वर २, खाली ८. दृष्टिहीन माणूस सहज नंबर लावायचा. टचस्क्रीन आली आणि बोटाखाली नुसती सपाट काच उरली.

या काचेला २००९ मध्ये वाचा फुटली. त्या वर्षी आयफोनवर ‘व्हॉइसओव्हर’ आणि अँड्रॉइडवर ‘टॉकबॅक’ आलं. टॉकबॅक सुरू असताना बोट काचेवरून फिरवलं, की त्याखाली जे येईल ते फोन बोलून दाखवतो. नुसत्या स्पर्शाने काही उघडत नाही. हवं ते ऐकू आलं की काचेवर कुठेही दोनदा टकटक करायचं. उजवीकडे बोट सरकवलं की पुढची गोष्ट वाचली जाते. एका बटनावरून दुसऱ्यावर जाताना हलकी थरथर जाणवते, त्यामुळे बोट पुढे सरकलं हे आवाज पुरा व्हायच्या आधीच कळतं.

समजा, कोणाला २५० रुपये पाठवायचे आहेत. आकडे टाकले, ऐकून खात्री केली, पण पुढच्या चित्रावर फोन नुसतं ‘बटन’ म्हणतो. ते ‘पाठवा’ आहे की ‘रद्द करा’? दोष टॉकबॅकचा नाही. ॲप बनवणाऱ्याने त्या चित्राला नावच दिलेलं नसतं. पैशांच्या व्यवहारात ही चूक अक्षम्य म्हणावी लागेल.

मराठीची अडचण आणखी वेगळी. ‘चहा’ आणि ‘चाक’ यांतला च लिहायला एकच, उच्चाराला दोन. मजकूर मराठी आणि आवाज हिंदीचा निवडलेला असेल, तर असे उच्चार हमखास बिघडतात. म्हणून सेटिंगमध्ये मराठी आवाज मुद्दाम निवडावा लागतो.

आवाज कितीही चांगला असला तरी तो बाहेर पडतो स्पीकरमधून. सरावलेले लोक बोलण्याचा वेग खूप वाढवून ऐकतात. अशा वेळी आवाज नुसता मोठा असून भागत नाही. स, श, त, क यांसारखी व्यंजनं स्पष्ट यावी लागतात, आणि स्वस्त स्पीकर आवाज वाढवला की नेमकी तीच गिळतो. स्पीकर फक्त खालच्या कडेला असेल, तर फोन आडवा धरताच तळहाताने तो झाकलाही जातो.

बोटाचा ठसा ओळखणारी जागाही पाहण्यासारखी. ती काचेच्या आत असेल तर बोटाला खूण सापडत नाही. कडेच्या बटनावर असेल तर लगेच सापडते.

त्यामुळे घरातल्या दृष्टिहीन व्यक्तीसाठी फोन घेताना तिला दुकानात सोबत न्या. दुकानदाराला टॉकबॅक सुरू करायला सांगा, मराठी संदेश वेगात वाचून घ्या, आवाज पूर्ण वाढवा आणि फोन तिच्या हातात द्या. पसंती तिच्या बोटांची आणि कानांची असू द्या.