आधीच्या फ्रेमची उसनवारी

क्रिकेटच्या प्रक्षेपणात सेकंदाला 25 चित्रे येतात असे धरू. फुल एचडीचे प्रत्येक चित्र, म्हणजे फ्रेम, कच्च्या रूपात सुमारे 3 मेगाबाइटचे असते. तरीही तोच सामना मोबाईलवर सेकंदाला एखाद्या मेगाबाइटमध्ये नीट दिसतो. याचे मोठे श्रेय आधीच्या फ्रेमकडून केलेल्या उसनवारीला आहे.

2003 मध्ये आलेल्या एच.264 या पद्धतीत फ्रेमचे 16 बाय 16 बिंदूंचे चौकोन पाडतात. काही फ्रेम स्वतःच्या बळावर साठवल्या जातात. त्यांना आय-फ्रेम म्हणतात. पी-फ्रेममधले बहुतेक चौकोन मात्र आधीच्या फ्रेममधून उचललेले असतात. एका आय-फ्रेमपासून पुढच्या आय-फ्रेमपर्यंतचा गट म्हणजे ‘ग्रुप ऑफ पिक्चर्स’. तो दोन सेकंदांचा असेल, तर त्यात 50 फ्रेम येतात. बी-फ्रेम मागच्याबरोबर पुढच्या फ्रेमचाही आधार घेऊ शकते.

आता आठ बिंदूंची एकच ओळ घेऊ. गडद मैदानावर पांढऱ्या बॅटची कड दिसते आहे. आधीच्या फ्रेममधली उजेडाची मूल्ये अशी:

40 40 200 200 200 40 40 40

पुढच्या फ्रेममध्ये बॅट तीन बिंदू उजवीकडे सरकली, आणि कॅमेऱ्याच्या किंचित गोंधळासह ओळ अशी झाली:

41 40 40 39 40 201 200 199

सरळ वजाबाकी केली, तर आठपैकी सहा ठिकाणी 160च्या आसपास फरक येतो. बॅट जिथून गेली तिथे एक खड्डा, जिथे आली तिथे एक उंचवटा. असा फरक पाठवण्यात काहीच बचत नाही. पण ‘तीन बिंदू डावीकडून उचला’ एवढी सूचना दिली आणि मग वजाबाकी केली, तर उरते:

1 0 0 -1 0 1 0 -1

ही सूचना म्हणजे मोशन व्हेक्टर, आणि उरलेला फरक म्हणजे रेसिड्युअल. त्यात शून्य आणि शून्याजवळचीच मूल्ये जास्त. वारंवार येणाऱ्या मूल्यांना आखूड सांकेतिक रूप देता येते, म्हणून बिट वाचतात. शिवाय हे फरक लहरींच्या रूपात बदलून ठरावीक पायरीपर्यंत गोळाबेरीज केली जाते. पायरीपेक्षा बरेच लहान असे हे अंक मग शून्यच होऊन जातात, आणि चौकोनासाठी जवळजवळ व्हेक्टरच पुरतो.

अर्थात, ज्याची उसनवारी करायची ते आधीच्या चित्रात असायला हवे. दृश्य एकदम बदलले, फ्लॅश चमकला किंवा पाण्याचे शिंतोडे उडाले, तर जुळणारा चौकोन सापडत नाही. तेव्हा एन्कोडर तो चौकोन नव्याने, आय-फ्रेमसारखाच, साठवतो. बिट अपुरे असले, तर अशाच ठिकाणी चित्र चौकोनी ठिगळांचे दिसते.

दुसरी अडचण साखळीची. वाटेत एखादा डेटा हरवला, तर चुकीच्या चौकोनावर पुढचे व्हेक्टर काम करत राहतात. खेळाडूच्या आकाराचा डाग मैदानभर ओढला जातो आणि पुढची आय-फ्रेम येताच एका क्षणात पुसला जातो. थेट प्रक्षेपणात आय-फ्रेम वारंवार ठेवतात, कारण मध्येच चॅनेल लावणाऱ्याला चित्र तिच्यापासूनच सुरू करता येते. आय-फ्रेम मात्र पी-फ्रेमच्या कितीतरी पट मोठी असते, आणि म्हणूनच गट किती लांब ठेवायचा हा प्रत्येक प्रक्षेपकाला करावा लागणारा हिशेब आहे.