साडेतीनला शटर खाली, नकाशावर ‘चालू’

पुण्यातल्या बऱ्याच मालवणी खानावळींचा दिवस दोन तुकड्यांत असतो. सकाळी साडेअकराला शटर वर जातं, साडेतीनला खाली येतं. मग भांडी, उद्याचं वाटण, मंडळींची जराशी वामकुक्षी. सातला पुन्हा शटर वर, साडेदहाला शेवटचं ताट. सोमवारी सुट्टी. रोजच्या गिऱ्हाइकाला हे पाठ असतं. हिंजवडीहून गाडी काढून आलेल्या चौघांना मात्र गूगल मॅप्सवर खानावळ चालू दिसलेली असते, कारण नोंद करताना कुणीतरी ‘साडेअकरा ते साडेदहा’ असं सरसकट टाकून दिलेलं असतं. चार वाजता ते बंद शटरसमोर उभे राहतात, एक स्टार देतात आणि जातात. मालकाला हे कळतं रिव्ह्यू वाचल्यावर, तेही वाचला तर.

अशा एका खानावळीचं उदाहरण धरून बघू. आठ-दहा टेबलं, दोन आचारी, गल्ल्यावर मालक, गूगलवर नोंद आणि झोमॅटो-स्विगीवर पान. तिन्हीकडे माहिती तीच भरायची असली, तरी चुकीची किंमत वेगळी पडते. नकाशावरची चूक गुपचूप गिऱ्हाईक घालवते. अ‍ॅपवरच्या चुकीवर लगेच पैसे भरलेली ऑर्डर येऊन पडते, आणि ती नाकारली की हॉटेलच्या नावावर नोंद होते.

आधी नकाशा. गूगलच्या नोंदीत एका दिवसाला एकाहून जास्त वेळा टाकता येतात. मंगळवार उघडायचा, साडेअकरा ते साडेतीन टाकायचं आणि खालीच सात ते साडेदहाची दुसरी ओळ जोडायची. सोमवार ‘Closed’ ठेवायचा. हे एकदाच करायचं काम. सणांचं मात्र दरवर्षी करावं लागतं, आणि मालवणी खानावळीत ते टाळताच येत नाही, कारण गणपतीत आचारीच गावी जातो. नेहमीच्या वेळांना हात न लावता ‘Special hours’ मध्ये तेवढ्या तारखा बंद दाखवायच्या, म्हणजे त्या उलटल्या की जुन्या वेळा आपोआप परत येतात. दिवाळीला तुम्ही नेहमीसारखे चालू असाल, तरी तिथे तसं नोंदवा. नाहीतर त्या दिवशी वेळा बदललेल्या असू शकतात, अशी सूचना गूगल स्वतःहून दाखवतं आणि दुरून येणारा माणूस तिथेच दुसरं हॉटेल शोधू लागतो. रंगकामासाठी महिनाभर बंद ठेवायचं असेल, तर ‘Temporarily closed’ निवडावं. त्याच्या शेजारी ‘Permanently closed’ असतं. घाईत तिथे बोट पडलं, तर हॉटेल कायमचं बंद झालं असं जगाला दिसेल.

या नोंदीत बाहेरचा माणूसही बदल सुचवू शकतो, आणि गूगलला पटलं तर तो लागूही होतो. शटर खाली बघून एखाद्यानं ‘बंद’ असं कळवलं, की वेळ बदलू शकते. मालकाच्या खात्यात असे बदल वेगळे दिसतात आणि परतवता येतात, पण त्यासाठी ते बघावे लागतात. आठवड्यातून एकदा दुसऱ्याच्या फोनवरून आपलं हॉटेल शोधावं, तेही दुपारी चार वाजता. गिऱ्हाइकाला काय दिसतं ते तिथे कळतं.

आता अ‍ॅप. वेळ भरताना बरेच जण शटरची वेळ भरतात. साडेतीनला शटर पडणार असेल आणि ऑर्डर तयार व्हायला वीस-पंचवीस मिनिटं लागत असतील, तर अ‍ॅपवर तीनलाच थांबायला हवं. नाहीतर तीन पंचवीसला आलेल्या कोळंबी मसाल्यासाठी विझवलेली शेगडी पुन्हा पेटवावी लागते आणि पार्सल न्यायला आलेला मुलगा दारात ताटकळतो.

खरी परीक्षा मेनूची, आणि ती पावसाळ्यात होते. १ जून ते ३१ जुलै महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. सुरमई, पापलेट बाजारात कमी येतं, बर्फातलं येतं, भाव चढतात. पाठोपाठ श्रावण येतो आणि मासे मागणारेच कमी होतात. भिंतीवरच्या फळ्यावर ‘सुरमई – बाजारभावानुसार’ लिहून चालतं. अ‍ॅपवर आकडा टाकावाच लागतो.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायची. पदार्थ चालू-बंद करणं आपल्या हातात असतं आणि ते लगेच लागू होतं. नाव, किंमत, फोटो यांतला बदल मात्र बहुधा कंपनीच्या तपासणीतून जातो, त्याला वेळ लागतो. त्यामुळे शनिवारी संध्याकाळी सुरमईचा भाव वाढवायला बसणं व्यर्थ. त्यापेक्षा हंगामाच्या सुरुवातीलाच थोडी सैल किंमत धरावी, वर्णनात तुकडे किती ते लिहावं आणि ज्या दिवशी बाजारात भाव त्यापलीकडे गेला, त्या दिवशी सुरमई थाळी बंद ठेवावी. बंद ठेवावी, काढून टाकू नये. काढून टाकली की फोटो, वर्णन सगळं ऑगस्टमध्ये पहिल्यापासून भरत बसावं लागतं. या दोन महिन्यांत कोळंबी, सुकट, सोडे, अंडा करी यांना वरच्या भागात आणता येतं.

ही चालू-बंदची यादी रोज एकाच वेळी तपासायची: मासळी घरात आल्यावर, शटर उघडण्याआधी, साधारण अकराला. काम गल्ल्यावरच्या माणसाचं, कारण दुपारी दीडला शेवटचं पापलेट गेलं हे त्यालाच आधी कळतं. नाकारलेल्या ऑर्डरी कारणासह भागीदार-अ‍ॅपमध्ये दिसतात. ‘पदार्थ संपला’ हे कारण वारंवार येत असेल, तर अकराची तपासणी होत नाही असं समजावं.

फोटोंबद्दल थोडक्यात. गूगलला जेपीजी किंवा पीएनजी चालतो, १० केबी ते ५ एमबी, शक्यतो ७२० बाय ७२० पिक्सेल. अ‍ॅपसाठीच्या फोटोवर किंमत, फोन नंबर किंवा ‘स्पेशल’ची पट्टी टाकली, तर तो परत येण्याचीच शक्यता जास्त. थाळी खिडकीपाशी, दुपारच्या उजेडात टिपावी आणि वाढतो तेवढंच ताटात ठेवावं. फोटोत दोन तुकडे आणि डब्यात एक, ही तक्रार तिथूनच जन्मते. गूगलवर दाराचाही एक फोटो हवा, पाटी आणि शेजारचं दुकान दिसेल असा.

एका गोष्टीवर मालकाचा इलाज चालत नाही. गिऱ्हाइकानं तीन वर्षांपूर्वी टाकलेला मेनूकार्डाचा फोटो मालकाला काढता येत नाही. तक्रार करता येते, पण किंमत जुनी झाली एवढ्यावर तो सहसा निघत नाही. मग नवं कार्ड छापताना त्यावरच ‘दर १ ऑगस्टपासून’ असं छापावं आणि त्याच दिवशी त्याचा स्वच्छ फोटो टाकावा. गिऱ्हाईक जुना दर दाखवू लागलं, तर दाखवायला तारीख हाताशी असते.

शेवटी, ही नोंद कुणाच्या खात्यावर आहे ते बघा. अनेक ठिकाणी ती सुरुवातीला मदत केलेल्या पोराच्या किंवा जाहिरातवाल्याच्या जीमेलवर असते. तो निघून गेला, की वेळ बदलायलाही कुणी उरत नाही. गूगलमध्ये मालक आणि व्यवस्थापक अशा वेगळ्या भूमिका देता येतात. मालकी स्वतःच्या खात्यावर ठेवावी, गल्ल्यावरच्या माणसाला व्यवस्थापक करावं. तो नोकरी सोडून गेला, तर हिशेब चुकता करतानाच त्याचं नाव तिथून काढावं.