बक्षिसांच्या आधीची चार मिनिटं

आरे कॉलनीतल्या एखाद्या सोसायटीत गणपतीच्या सजावट स्पर्धेचं बक्षीस वितरण आहे, आणि चेअरमन म्हणून तुम्हाला आभाराचं भाषण करायचं आहे. सोयीसाठी तीन विंग आणि नव्वदेक घरांची सोसायटी धरू. पंचवीस घरांनी भाग घेतला, आठ-दहा पोरांनी खालच्या मंडपाची सजावट केली. कार्यक्रम आठला सुरू व्हायचा, पण ऑफिसातून येणारी मंडळी पोहोचेपर्यंत साडेआठ होणारच. मग आरती, लहान मुलांचे नाच, मग बक्षिसं. रात्री दहाला लाउडस्पीकर बंद करावा लागतो. सरकार वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत मुभा देतं, पण आपला दिवस त्यांत नसेल तर दहा म्हणजे दहाच.

म्हणून आधी जागा ठरवा, मग शब्द. आभाराचं भाषण शेवटी ठेवायची पद्धत आहे, आणि ते फसतं ते तिथेच. बक्षीस मिळालं की माणसं फोटो काढायला बाजूला जातात, ज्यांना मिळालं नाही ती हळूच लिफ्टकडे वळतात, आणि उरलेल्यांचं लक्ष जेवणाच्या रांगेकडे असतं. निकालाच्या आधी मात्र सगळे जागेवर असतात. पण त्यांचे कान निकालाकडे लागलेले असतात, त्यामुळे तेव्हा चार मिनिटांच्या वर बोलू नये. सावकाश बोललं तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात. चारशे शब्द लिहून काढा आणि घड्याळ लावून एकदा मोठ्याने वाचा.

आता यादी. सेक्रेटरी चाळीस नावांचा कागद हातात देतात. नाव, फ्लॅट नंबर, थोड्या टाळ्या, असे नावामागे चार सेकंद धरले तरी जवळपास पावणेतीन मिनिटं नुसत्या नावांत जातात. शिवाय एकेचाळिसावं नाव राहिलेलं असतंच, आणि ते राहिल्याचं वर्षभर ऐकावं लागतं. यावर माझ्या मते एकच उपाय आहे: पूर्ण यादी नोटीस बोर्डवर लावा आणि भाषणात माणसांऐवजी कामं सांगा. ‘सर्व कार्यकर्त्यांचे मनःपूर्वक आभार’ हे वाक्य कुणाच्याच वाट्याला येत नाही. ‘पावसाने मंडपाचं कापड गळायला लागलं, तेव्हा रात्री साडेअकराला शिडी लावून ज्यांनी ताडपत्री बांधली’ असं म्हटलं, की त्या तिघांकडे शेजारी आपोआप वळून बघतात. अशी तीन-चार कामं पुरतात. ती निवडायला चेअरमनने दोन दिवस आधी प्रत्येक विंगमध्ये एकाला विचारावं: ‘कुणी काय केलं, जे आम्हाला दिसलं नाही?’ स्वतःला आठवतं तेवढ्यावर भागवलं, तर कमिटीच्याच माणसांची कामं सांगितली जातात, आणि समोर बसलेल्यांना ते लगेच कळतं.

नावाने आभार मानायचे ते पगारी माणसांचे: वॉचमन, झाडूवाली, इलेक्ट्रिशियन. यांचा उल्लेख ‘आमचा स्टाफ’ असा उरकू नका. पूर्ण नाव घ्या, आणि ते आधी त्यांनाच विचारून लिहून घ्या, कारण वर्षानुवर्षं आपण त्यांना अर्ध्या नावानेच हाक मारत असतो. दुसरं, ज्याचे आभार मानायचे तो तिथे हवा. वॉचमनसाठी टाळ्या वाजतात तेव्हा तो गेटवर असतो आणि त्याला काही ऐकूही येत नाही, असं फार ठिकाणी होतं. त्या अर्ध्या तासासाठी गेटवर कमिटीतल्या कुणाला बसवा. आरेत या माणसाचं काम वेगळंही आहे. सोसायटीला लागून झाडी आहे, बिबट्याचा वावर आहे. मुलं रात्री सजावट करून या विंगमधून त्या विंगमध्ये जात होती, तेव्हा टॉर्च घेऊन सोबत कोण गेलं, हे भाषणात आलंच पाहिजे.

परीक्षकांचे आभार म्हणजे ‘अमूल्य वेळ दिला’ एवढंच नव्हे. त्यांनी कसं पाहिलं ते दोन वाक्यांत सांगा, म्हणजे निकालानंतरची कुजबुज निम्मी होते. इथे एक अडचण नेहमी निघते. काही घरी दीड दिवसाचा गणपती असतो. परीक्षक पाचव्या दिवशी आले, तर त्या घरचं मखर केव्हाच उतरलेलं असतं. तेव्हा पहिल्याच संध्याकाळी फेरी झाली, की फोटोंवरून गुण दिले, हे चेअरमनने स्वतःहून सांगावं. थर्माकोलचंही तसंच. राज्यात 2018पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे, त्यामुळे त्याचं मखर स्पर्धेतच घेतलं नाही, हे निकालाआधी सांगितलं तर तो नियम वाटतो आणि नंतर सांगितलं तर सबब.

न जिंकलेल्यांसाठी ‘सहभाग महत्त्वाचा’ म्हणू नका. त्यांच्या सजावटीतली एकेक गोष्ट सांगा. त्यासाठी चेअरमनने पंचवीसही घरी जाऊन दर्शन घेतलेलं असावं लागतं. प्रसादाच्या निमित्ताने ते होतंही.

या सगळ्याचा मधला भाग साधारण असा होईल:

‘बी विंगमधल्या आजींनी जुन्या नऊवारीच्या काठांचं मखर केलं. काठ उसवायला त्यांना श्रावण पुरला. ए विंगमधल्या तिघी मुलींनी पुठ्ठ्यावर वारली चित्रं काढली, आणि ती नीट यावीत म्हणून शेजारच्या पाड्यावरच्या ताईंकडे जाऊन शिकून आल्या. ताई आज इथे आल्या आहेत, त्यांचे आभार. तळमजल्यावरच्या काकांकडे यंदा गणपती नव्हता. तरी मंडपाच्या दिव्यांची वायर दहा दिवस त्यांच्या खिडकीतून गेली आणि ती खिडकी त्यांना लावता आली नाही. काका, डास तुम्ही सोसलेत, उजेड आम्हाला मिळाला. आपल्या मूर्ती आपण आरेच्या तलावात न नेता कृत्रिम तलावात विसर्जित केल्या. तिथे रांगेत उभं राहून ज्यांनी सगळ्यांचं निर्माल्य वेगळं काढलं, ती पोरं मागे उभी आहेत. त्यांनी पुढे यावं.’

वाचताना दिसेल की यात विशेषणं जवळपास नाहीत. प्रत्येक वाक्यात कुणीतरी काहीतरी केलं आहे. खिडकीवाल्या काकांसारखा एक उल्लेख मुद्दाम ठेवा. उत्सवात भाग न घेतलेल्या घरांनाही आवाज, गर्दी, अडलेलं पार्किंग सोसावं लागतं, आणि त्यांचे आभार सहसा कुणी मानत नाही. भाषा मराठीच असू द्या, पण समोर हिंदी किंवा गुजराती बोलणारी घरं असतील, तर त्यांच्या कामाचं वाक्य त्यांच्या भाषेत म्हणा. पूर्ण भाषणाचा अनुवाद करत बसलात तर चार मिनिटांची आठ होतात.

एक मोह मात्र टाळायला हवा. सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते आणि गणपतीही त्याच सुमारास येतात. एवढी माणसं एरवी कधी जमत नाहीत, म्हणून थकलेला मेंटेनन्स, गळकी टाकी, रिपेअर फंड हेही भाषणात शिरतं. मग ज्याची थकबाकी आहे तो मान खाली घालतो, त्याच्याच मुलीला दुसरं बक्षीस असतं, आणि ती स्टेजवर येते तेव्हा टाळ्या कमी पडतात. वर्गणीचा हिशेबही इथे सांगू नका. ‘जमाखर्च बोर्डवर लावला आहे, प्रश्न सभेत घेऊ’ एवढं पुरे. देणगीदारांचे आभार मानताना रकमाही सांगू नयेत. पाचशे देणाऱ्याला पाच हजारांच्या शेजारी उभं करण्यासारखं ते होतं.

शेवटच्या वाक्यानंतर थांबू नका. ‘आता मी परीक्षकांना विनंती करतो, उत्तेजनार्थ बक्षिसांपासून सुरुवात करावी’ असं म्हणून माइक त्यांच्या हातात द्या. तेव्हा साडेनऊ झाले असतील, तर तिसरं, दुसरं आणि पहिलं बक्षीस दहाच्या आत होतं.