अलर्ट लाइन ओलांडली, की गाडी बोलवा

प्रसूती कक्षातील पार्टोग्राफ, म्हणजे प्रसूतीचा आलेख, कसा भरावा व त्यावरून रुग्ण पुढे केव्हा पाठवावा, अशी विचारणा काही आरोग्यसेविकांनी केली आहे. विषय त्यांच्या कामाचा असला, तरी घरात बाळंतीण असणाऱ्या प्रत्येकाला तो समजण्यासारखा आहे. प्रसूती अडली हे कळेपर्यंत उशीर होतो तो बहुधा प्रसूती कक्षात आणि कक्षाबाहेरच्या बाकावर. हा उशीर डोळ्यांना दिसावा एवढ्यासाठीच हा कागद आहे.

या कागदावरील दोन तिरप्या रेषांचा जन्म कोठे झाला, हे कळले की त्यांचा अर्थ आपोआप उलगडतो. कळा सुरू झाल्यावर गर्भाशयाचे तोंड कोणत्या गतीने उघडते, याचा आलेख १९५४ साली न्यूयॉर्कच्या डॉ. फ्रिडमन यांनी मांडला. पुढे डॉ. फिलपॉट व डॉ. कॅसल ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, काम करीत होते. तेथे दूरदूरच्या छोट्या दवाखान्यांत फक्त सुईणी असत आणि शस्त्रक्रियेचे रुग्णालय लांब शहरात. रुग्ण केव्हा हलवायचा हे त्या सुईणीने एकटीने ठरवायचे असे. तिच्यासाठी या दोघांनी १९७२ साली आलेखावर दोन रेषा आखल्या. पहिली सावध करणारी अलर्ट लाइन. दुसरी तिच्या उजवीकडे चार तासांवरची ॲक्शन लाइन. मधले चार तास त्यांनी ठेवले ते रुग्ण गाडीत घालून मोठ्या रुग्णालयात पोहोचवण्यासाठी.

आपला नगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर, जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा. जामखेडहून नगर साधारण पाऊणशे किलोमीटर, अकोल्याहून शंभरच्या वर. तेव्हा हे चार तास आपल्याकडेही तेवढ्याच मोलाचे आहेत.

आता भरण्याची पद्धत पाहू. शासकीय प्रशिक्षणात शिकवला जाणारा साधा पार्टोग्राफ गर्भाशयाचे तोंड ४ सेंटिमीटर उघडल्यावर सुरू करायचा. त्याआधीच्या बारीक कळांचा काळ त्यात धरायचा नाही. मात्र ४ सेंटिमीटरच्या आत असताना आठ तास उलटले, कळा वाढत गेल्या, आणि तोंड काही उघडत नाही, तर आलेख सुरू झालेला नसला तरी रुग्ण पुढे पाठवावा.

पहिली फुली नेहमी अलर्ट लाइनवरच पडते. बाई ४ सेंटिमीटरवर आली तर रेषेवर ४ च्या उंचीला, ६ वर आली तर रेषेवर ६ च्या उंचीला, आणि तिच्या बरोबर खाली घड्याळातली वेळ. ही वेळ लिहायची राहिली तर पुढचा सारा आलेख निरर्थक ठरतो. अलर्ट लाइन तासाला १ सेंटिमीटर या हिशोबाने चढते. त्यानंतर आतील तपासणी दर चार तासांनी. उगाच वारंवार तपासल्याने जंतुसंसर्ग वाढतो.

दर अर्ध्या तासाने मात्र चार गोष्टी पाहायच्या: बाळाचे ठोके, पाणमोट, कळा आणि आईची नाडी. ठोके कळ ओसरल्याबरोबर पूर्ण एक मिनिट मोजावेत. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नये, कारण कळेनंतर मंदावलेले ठोके नेमके त्यात निसटतात. पाणमोट शाबूत आहे, की फुटून पाणी स्वच्छ आहे, की हिरवट, की रक्तमिश्रित, ते लिहावे. कळा पोटावर हात ठेवून १० मिनिटांत किती येतात व प्रत्येक किती सेकंद टिकते ते पाहावे. जितक्या कळा तितके चौकोन भरायचे: २० सेकंदांच्या आतील कळेला ठिपके, २० ते ४० सेकंदांच्या कळेला तिरप्या रेघा, ४० च्या वर गेली तर चौकोन पूर्ण काळा. रक्तदाब व ताप चार तासांनी पुरेसा.

आता एक तक्ता समोर घेऊ. बाई बावीस वर्षांची, पहिलेच बाळंतपण, स्थळ जामखेडकडील एक प्राथमिक आरोग्य केंद्र. रात्री १० वाजता तपासणीत ४ सेंटिमीटर. पाणमोट शाबूत, ठोके १४०, दहा मिनिटांत तीन कळा, प्रत्येक तीस सेकंदांची. सिस्टरने पहिली फुली रेषेवर मारली व खाली १० लिहिले. रात्री १ वाजता पाणमोट फुटली, पाणी स्वच्छ. २ वाजता पुन्हा तपासले तेव्हा ६ सेंटिमीटर. ठोके १४४, आईची नाडी ८८, रक्तदाब व्यवस्थित. कळा तीनच, पस्तीस सेकंदांच्या.

आता हिशोब पाहा. अलर्ट लाइन ६ सेंटिमीटरला पोहोचते रात्री १२ वाजता. फुली पडली २ वाजता, म्हणजे रेषेच्या उजवीकडे दोन तास. याच उंचीवर ॲक्शन लाइन येते पहाटे ४ वाजता. कागदोपत्री रस्त्यासाठी चार तास असले, तरी तपासणीच चार तासांनी झाल्यामुळे त्यांतले दोन नकळत खर्च झालेले असतात. हातात उरतात दोनच. हा बारकावा फार जणांच्या ध्यानात येत नाही.

बाहेर सासूबाईंचे म्हणणे पडले, "सिस्टर, पोरीला काही त्रास नाही, बाळाचे ठोके चांगले आहेत म्हणता, मग सकाळपर्यंत बघू की." सिस्टरने तक्ता बाहेर आणून बोट ठेवून दाखवला. ती म्हणाली, "आई, बाळ चांगलं आहे म्हणूनच आत्ता निघायचं. ते दमल्यावर निघालो तर वाटेत काय करणार?" तिने वैद्यकीय अधिकाऱ्यांना उठवले, १०८ ला फोन केला, नगरच्या रुग्णालयाला आगाऊ कळवले. लघवी करवून घेतली, कारण भरलेले मूत्राशयही बाळाच्या डोक्याला अडवते. सलाईन लावले, डाव्या कुशीवर झोपवले, प्रसूतीचे साहित्य व तक्त्याची प्रत सोबत घेतली आणि स्वतः गाडीत बसली. २.३५ ला निघालेली गाडी ४.१० ला पोहोचली.

तेथील डॉक्टरांनी तक्ता पाहिला, कळा कमी पडताहेत हे त्यांना एका नजरेत कळले. बाळाची ठेवण तपासून, ठोक्यांवर लक्ष ठेवून त्यांनी कळा वाढवण्याचे औषध सलाईनमधून मोजून दिले. सकाळी ८.२० ला मुलगी झाली, वजन २ किलो ९००. सिझेरियन लागले नाही. समजा, पहाटे ६ च्या पुढील तपासणीपर्यंत थांबले असते आणि तोंड तेवढेच राहिले असते, तर ॲक्शन लाइन उलटून दोन तास होऊन गेल्यावर गाडीचा शोध सुरू झाला असता.

येथे दोन गैरसमज दूर करायला हवेत. पहिला असा की रेषा ओलांडली म्हणजे ऑपरेशन ठरले. तसे नाही. कित्येक निरोगी स्त्रियांची गती तासाला १ सेंटिमीटरपेक्षा मंद असते व तरी त्या सुखरूप बाळंत होतात. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली जोराच्या कळांचा काळ ५ सेंटिमीटरपासून धरावा असे सांगितले, आणि २०२० साली काढलेल्या नव्या तक्त्यात तिरपी रेषा काढून टाकून प्रत्येक सेंटिमीटरला वेगळी कालमर्यादा दिली. त्यानुसार ५ सेंटिमीटरवर सहा तास, ६ वर पाच, ७ वर तीन तास बाई अडून राहिली, तर दखल घ्यायची. तुमच्या कक्षात जो तक्ता लागू असेल तो त्याच्या नियमाने भरा, दोहोंची सरमिसळ करू नका. मात्र जुन्या तक्त्यावर काम करणाऱ्या आणि सिझेरियनची सोय नसलेल्या केंद्रासाठी अलर्ट लाइनचा अर्थ बदललेला नाही. ती बाळंतपण कसे करायचे ते सांगत नाही, कोठे करायचे ते सांगते.

दुसरा गैरसमज घातक आहे. कळा मंद आहेत म्हणून ऑक्सिटोसिनची सुई दंडात टोचली की बाळंतपण उरकते, असे अजूनही काहींना वाटते. टोचलेली सुई परत काढून घेता येत नाही. बाळ खरोखर अडले असेल तर त्या कळांनी गर्भाशय फाटू शकते. बाळ जन्मण्याआधी हे औषध छोट्या केंद्रात देऊ नये. बाळ बाहेर आल्यावर रक्तस्राव रोखण्यासाठी ते द्यायचे, ती गोष्ट वेगळी.

काही खुणा अशा आहेत की त्यांच्यासाठी रेषेची वाटच पाहायची नाही. बाळाचे ठोके १२० च्या खाली किंवा १६० च्या वर गेले, तर बाईला डाव्या कुशीवर वळवून पुन्हा मोजा. तसेच राहिले तर डॉक्टरांना बोलवा व गाडीची तयारी करा. पाणी हिरवे आले, ताजे रक्त जाऊ लागले, रक्तदाब १४०/९० वा त्याहून वर गेला, ताप चढला, तर फुली रेषेच्या डावीकडे असली तरी कळवायचे ते ताबडतोब.

शेवटी, तक्ता खरा आहे की बाळंतपणानंतर बसून भरलेला, हे ओळखणे सोपे आहे. सगळ्या फुल्या नेमक्या अलर्ट लाइनवर, ठोके दर अर्ध्या तासाला १४०, नाडी रात्रभर ८०, आणि शाई एकाच हाताची, एकाच दमात चाललेली. खऱ्या तक्त्यात आकडे थोडे वरखाली होतात. नंतर भरलेला कागद वहीचे पान भरतो, पण रात्री २ वाजता निघण्याचा निर्णय तो देऊ शकत नाही.

नातेवाइकांसाठी एवढेच. सिस्टरला विचारा, पहिली फुली किती वाजता मारली आणि पुढील तपासणी किती वाजता. आणि त्या वेळी ती म्हणाली की रेषा ओलांडली आहे, तर पहाट होण्याची वाट पाहू नका.